विषय: सोसायटीच्या बागेची वर्षभराची देखभाल – प्रस्ताव व हंगामी आराखडा

माननीय अध्यक्ष, सचिव व व्यवस्थापकीय समिती सदस्य,
सप्रेम नमस्कार.

सचिवसाहेबांच्या सांगण्यावरून शनिवारी पर्वरीच्या आपल्या आवारात फिरून आलो. सोबत ही योजना देत आहे. करार 1 मे ते 30 एप्रिल असा धरला आहे, कारण गोव्यात बागेचे वर्ष पावसाच्या आधीच सुरू होते.

सर्वांत आधी माड. पार्किंगवरच्या पाचही माडांचे सुके नारळ आणि चुडते मे महिन्यातच उतरवले पाहिजेत. जूनच्या वाऱ्यात ते गाड्यांवर येतात. पाडेली आम्ही आणू, त्याची मजुरी दरात धरली आहे. गेटजवळच्या लहान माडाची पाने कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसतात, हे गेंडा भुंग्याचे काम. कोवळ्या पानांच्या बेचक्यात डांबरगोळ्या आणि वाळू घालू, पण मागचा कुजका शेणखताचा ढीग हलवल्याशिवाय उपयोग नाही. भुंगा तिथेच वाढतो. मेमध्येच फांद्यांची छाटणी आणि गटारांतला पालापाचोळा काढणे होईल.

जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी गवत कापणी, कुंड्यांच्या बशा व टायरांतले पाणी ओतणे (डासांसाठी), नवी लागवड जूनच्या पहिल्या सरींनंतर. जुलैत खत घालणार नाही, ते पैसे गटारातच जातात. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात एक जादा सफाई, तिचे वेगळे बिल नाही. ऑक्टोबरमध्ये खत आणि झेंडूची रोपे. हिवाळ्यात काम हलके असते, तेव्हा माळी आठवड्यातून दोनच दिवस येईल. मार्चपासून पाणी पहाटे, आळ्यांत सुक्या पानांचे आच्छादन.

एक सूचना स्पष्टच करतो: मागच्या बाजूचे लॉन ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये ते टँकरच्या पाण्यावर जगते. तिथे पिटकोळी, जास्वंद, अबोली लावली तर पाणीही कमी लागेल, आणि पूजेला फुलेही मिळतील. रोपांचा खर्च एकदाच, साधारण 9,000 रुपये.

दर महिना 14,500 रुपये. माळी, अवजारे, इंधन व खत धरून. पाण्याचा नळ आणि कचरा टाकायला जागा सोसायटीने द्यावी. रोपे व कुंड्या वेगळ्या, आधी दर मंजूर करून. कंपाउंडलगतचा वाळका आंबा तोडायचा झाल्यास 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी लागते. अर्ज सोसायटीच्या नावाने करावा लागेल, कागद आम्ही तयार करून देऊ. दोन्ही बाजूंना एक महिन्याच्या सूचनेने करार थांबवता येईल.

समितीची बैठक 20 तारखेपूर्वी झाली तर बरे, कारण पाडेली मेच्या मध्यापासून मिळत नाहीत. बैठकीत पंधरा मिनिटे मिळाली, तर आवाराचा नकाशा घेऊन येईन.

आपला,
दामोदर
बाग देखभाल सेवा, म्हापसा