पेट्रोल भत्त्याच्या दराबाबत विनंती

इंदूर, 3 नोव्हेंबर 2025

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

भत्त्याबद्दल दिवाळीआधी काउंटरवर बोलणं काढलं होतं, तेव्हा गर्दी होती आणि तुम्ही म्हणालात, "काय ते कागदावर लिहून दे, बघतो." म्हणून हे पत्र.

सध्या आम्हा डिलिव्हरीच्या मुलांना किलोमीटरला सव्वादोन रुपये मिळतात. हा दर 2020च्या दिवाळीत ठरला. तेव्हा पेट्रोल नव्वदच्या आत होतं, माझी गाडी नवी होती आणि लिटरला पंचावन्न देत होती. पेट्रोल जाऊन किलोमीटरमागे साठ-पासष्ट पैसे देखभालीला उरायचे. दर रास्त होता, म्हणून इतकी वर्षं आमच्यापैकी कोणी काही बोललं नाही.

आज पंपावर 106 रुपये 50 पैसे लागतात. गाडीचं अ‍ॅव्हरेज मी टाकी फुल करून, मीटर लिहून, पुन्हा फुल करून काढलंय. वेगवेगळ्या आठवड्यांत काढलं, पंचेचाळीसच्या वर गेलं नाही. गाडी जुनी झाली हे एक. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल येतं आणि त्याला पेट्रोलइतका दम नसतो, हे दुसरं. पण खरं कारण माल आहे. पूर्वी गोळ्यांची पाकिटं असायची, आता नर्सिंग होमची गिऱ्हाइकं वाढल्यापासून सलाइनचे बॉक्स असतात. अर्धा लिटरच्या चोवीस बाटल्यांचा एक बॉक्स बारा किलोच्या वर भरतो. असे दोन मागे बांधून भंवरकुआंच्या सिग्नलला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत राहिलं की कंपनीनं सांगितलेलं अ‍ॅव्हरेज कागदावरच राहतं.

तर नुसतं पेट्रोल किलोमीटरला 2 रुपये 37 पैसे पडतं, म्हणजे भत्त्यापेक्षा बारा पैसे जास्तच. देखभाल वेगळी. दर तीन हजार किलोमीटरला ऑइल बदलून सर्व्हिसिंग, साधारण 900 रुपये: तीस पैसे. मागचा टायर 1,800चा, वजनामुळे वीस हजारात गुळगुळीत होतो. पुढचा 1,500चा, तो तीस हजार काढतो. दोन्ही मिळून चौदा पैसे. चेन-स्प्रॉकेट 1,200, वीस हजारात: सहा पैसे. ब्रेक शू चार पैसे धरा. बेरीज 2 रुपये 91 पैसे. विमा, पीयूसी आणि गाडीचा घसारा यात धरलेलाच नाही. गाडी माझी आहे, घरच्या कामालाही वापरतो, तो भार माझा.

दुसरी गोष्ट अंतराची. दवा बाजारातून कुठल्या भागाला किती किलोमीटर, हे रजिस्टरच्या पहिल्या पानावर कायमचं लिहून ठेवलंय आणि पैसे त्यावरूनच निघतात. महिन्याला ते 1,800च्या आसपास भरतं. मीटरवर मात्र 2,000 होतात. मेट्रोच्या कामामुळे रिंग रोडकडे वळसे पडतात, महूला मेडिकल बंद असलं की दुसऱ्या दिवशी परत जावं लागतं, आणि डॉक्टरांचा "आत्ताच पाहिजे" असा फोन आला की अन्नपूर्णाची दुसरी फेरी होते, तिची नोंद कोणी करत नाही. परिणामी मला 4,050 मिळतात आणि खर्च 5,800च्या पुढे जातो. महिन्याला साडेसतराशे पगारातून जातात. घरी हिशोब सांगायला अवघड होतं, काका.

माझी मागणी अशी. दर 2 रुपये 90 पैसे करावा, आणि किलोमीटर रजिस्टरच्या त्या पानावरून न धरता सकाळी निघताना व संध्याकाळी परतल्यावर मीटर बघून लिहावेत. मामांनी काउंटरवर सही करावी, म्हणजे कोणी घरचे किलोमीटर त्यात घुसडणार नाही.

पुढे दरवेळी अर्ज नको म्हणून आणखी एक सुचवतो. पेट्रोल साडेचार रुपयांनी चढलं की दर दहा पैशांनी वाढावा, आणि तेवढंच उतरलं तर दहा पैशांनी कमी व्हावा. 2024च्या मार्चमध्ये दोन रुपये उतरले तसं पुन्हा झालं आणि फरक साडेचारपर्यंत पोचला, तर आमचेही पैसे कापा, तक्रार नाही.

तुम्ही मागे इलेक्ट्रिक गाडीचं म्हणाला होतात. शहरातल्या शहरात ती चालेल. पण सलाइन लादून महू करून यायचं आणि मग सुदामा नगर, तर मध्येच चार्जिंगला थांबावं लागेल. दुकानाने घेऊन दिली तर राजवाड्याकडच्या फेऱ्यांसाठी मी आनंदाने चालवीन.

पंपाच्या आणि गॅरेजच्या पावत्या लिफाफ्यात घालून मामांकडे ठेवल्या आहेत. शंका असेल तर एक दिवस कोणालाही माझ्या मागे बसवा, बॉक्स थोडे कमी करावे लागतील एवढंच. या महिन्याच्या पगारापासून बदल झाला तर बरं होईल, बाकीची दोघं मुलंही याच उत्तराची वाट बघताहेत.

आपला,
सुनील
डिलिव्हरी, महू–अन्नपूर्णा लाइन