सायली, लॉगचं आपण बघून घेऊ

सायली,

काल पेपर वाटले तेव्हा तू मार्क बघून पेपर पालथा घातलास आणि मग पूर्ण तास मान वर केली नाहीस, ते मी बघितलं. वर्गात सगळ्यांसमोर बोलायला नको म्हणून लिहितोय.

२५ पैकी ७ म्हणजे कमीच आहेत, पण रात्री तुझा पेपर परत घेऊन बसलो तेव्हा दिसलं की सहा गणितं चुकलीत खरी पण चूक एकच आहे, तीच सहा वेळा. log(x+3) दिसलं की तू log x + log 3 लिहितेस, म्हणजे लॉग तुला कंसाबाहेरचा आकडा वाटतो, आत वाटून टाकायचा. तो आकडा नाहीये गं, प्रश्न आहे. log₂ 32 म्हणजे २ चा कितवा घात केला की ३२ येतात? पाचवा. आता बघ, ८ हा २ चा तिसरा घात, ४ हा दुसरा, त्यांचा गुणाकार ३२, आणि ३ + २ = ५. झाला की नियम! घातांक तर तू शाळेतच शिकलीयस, हे तेच आहे. नेपियरने १६१४ मध्ये लॉगची टेबलं छापली तीही मोठे गुणाकार बेरजेवर आणायलाच.

आता दोन आठवडे रोज फक्त वीस मिनिटं दे मला. पहिले तीन दिवस एकही नियम पाठ करायचा नाही, 3⁴ = 81 चं log₃ 81 = 4 आणि उलटं, अशी रोज दहा. मग log 2 = 0.3010 आणि log 3 = 0.4771 एवढे दोनच आकडे लक्षात ठेव आणि त्यातून ४, ५, ६, ८, ९, १२ चे लॉग स्वतः काढ, मगच लॉग टेबल उघडून ताडून बघ. ५ ला अडशील, तेव्हा १० ÷ २ आठव, 1 − 0.3010 = 0.6990. आणि लगेच खाली log 2 + log 3 किती येतं तेही लिही, 0.7781. हे दोन आकडे वेगळे आहेत हे स्वतःच्या हाताने लिहिलंस ना, की कंस फोडायची सवय सुटेल, माझ्या दहा वेळा सांगण्याने सुटणार नाही.

दुसऱ्या आठवड्यात हाच पेपर परत सोडव. चौथं गणित, log x + log(x+3) = 1, इथे फोडायचं नाही, जोडायचं: x(x+3) = 10, म्हणून x = 2 किंवा −5, आणि ऋण संख्येचं लॉग नसतं म्हणून −5 गेला. मग २ घालून बघ, log 2 + log 5, तुझेच 0.3010 आणि 0.6990, बेरीज बरोब्बर १.

केमिस्ट्रीत pH ला हेच लागणारे, तेव्हा आत्ताच करून टाकू. सोमवारी मधल्या सुट्टीत वही घेऊन स्टाफरूममध्ये ये, अर्धवट असली तरी चालेल, खाडाखोड असेल तर तीही राहू दे, मला तीच बघायचीय.

तुझे गणिताचे सर