दादाच्या पन्नाशीनिमित्त धाकट्या बहिणीचे मनोगत

जमलेल्या सर्व आप्तेष्टांना माझा नमस्कार.

ज्या दादाने मला लहानपणी खांद्यावर बसवून पर्वतीच्या 103 पायऱ्या न थांबता चढून नेले, तो दादा आता प्रत्येक वळणावर थांबतो आणि पुण्याचे दृश्य किती सुंदर दिसते हे आम्हांला इतक्या तन्मयतेने समजावून सांगतो की, गुडघ्यांच्या विश्रांतीसाठी तो थांबला आहे, अशी शंकासुद्धा कोणी घेऊ नये. पावसाचा अंदाज मात्र आम्ही त्याच्या गुडघ्यांवरूनच घेतो; उजवा दुखला तर छत्री, दोन्ही दुखले तर रेनकोट.

गेल्या रविवारी तो स्वयंपाकघरात आला, क्षणभर स्तब्ध उभा राहिला, डबा उघडून बेसनाचा लाडू खाल्ला आणि परत गेला. पाच मिनिटांनी तो पुन्हा आला, कारण आपण कशासाठी आलो होतो हे त्याला आठवले नव्हते, परंतु लाडू कुठे आहेत हे नेमके आठवत होते. चौथ्या फेरीला वहिनीने विचारले, तेव्हा कळले की तो चष्मा शोधत होता, आणि चष्मा त्याच्या कपाळावर होता. त्या चष्म्याला तो पन्नाशीतही ‘चाळिशी’च म्हणतो, हे मला फार आवडते.

दादा, तू आम्हां सर्वांचा आधार आहेस. आता 50 दिव्यांनी तुला ओवाळायचे आहे, तेव्हा पाटावर निश्चिंतपणे बस. उठवायला दोन्ही भाचे तयार उभे आहेत.