अर्ज लिहिण्याआधी हे पान वाचा

तहसीलची एक चक्कर म्हणजे एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी. यातल्या बऱ्याच चकरा कामासाठी नसतातच. अर्जात एखादी गोष्ट राहून गेली म्हणून साहेब परत बोलावतात. पानभर "मी गरीब शेतकरी आहे, दया करावी" लिहिलेलं असतं आणि गट नंबर नसतो. म्हणून या चार गोष्टी आधी लिहा.

१. तुम्ही कोण
नाव सातबाऱ्यावर आहे तसंच. आधारवर वेगळं असेल तर दोन्ही लिहा. मोबाईल नंबर चालू असलेला द्या. मुलाचा असेल तर तसं लिहा, म्हणजे फोन आल्यावर घोळ होत नाही.

२. कोणत्या कामाचा नंबर
सर्वांत जास्त अर्ज इथंच अडतात. "नाल्याकाठचं वावर" गावात सगळ्यांना कळतं, तालुक्याच्या टेबलावर कोणाला कळत नाही. जमिनीचं काम असेल तर मौजा, तालुका आणि गट नंबर लिहा. पिंपळगाव, वडगाव नावाची गावं एकाहून जास्त आहेत, तालुका सोडू नका. लाईनचं काम असेल तर बिलावरचा 12 आकडी ग्राहक क्रमांक, घराचं असेल तर नमुना 8 वरचा मालमत्ता क्रमांक. नंबर पाठ असला तरी कागदावर पाहूनच उतरवा.

३. काय झालं, कधी झालं
"बऱ्याच दिवसांपासून" नको, तारीख पाहिजे. आधी अर्ज दिला असेल तर त्याची तारीख आणि आवक क्रमांक. सोबत जोडलेल्या कागदांची नावं खाली लिहा.

४. नेमकं काय पाहिजे
"योग्य ती कार्यवाही व्हावी" यातून कोणालाच काही समजत नाही. काय करून पाहिजे ते सरळ लिहा. वारस नोंदीचा मजकूर असा लिहिता येईल:

"माझे वडील 3 मार्च 2025 रोजी वारले. मौजा पिंपळगाव, ता. ........ येथील गट नं. 87 च्या सातबाऱ्यावर त्यांच्या जागी आई, मी आणि माझी बहीण, अशा तिन्ही वारसांची नावे लावावीत. सोबत : मृत्यू दाखला, सातबारा, वारसांचे प्रतिज्ञापत्र."

चार ओळींत काम झालं. बहिणीचं लग्न झालं म्हणून तिचं नाव गाळू नका. तीही वारस आहे, आणि तिचं नाव नसलेला अर्ज पुढं हमखास वादात सापडतो.

एका अर्जात एकच काम लिहा. वारस नोंद आणि डीपी दुरुस्ती एकाच कागदावर मागितली तर दोन्ही खात्यांना ते दुसऱ्याचं काम वाटतं.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवकचा शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.