सहा किलोंचा हिशोब

दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि तिसऱ्याच दिवशी संकेतने कवलापूरजवळ, सांगली-तासगाव रस्त्याच्या कडेला द्राक्षं मांडली. चार बांबू, वर हिरवं शेडनेट आणि शेजारच्या दुकानातून मागून आणलेला इलेक्ट्रॉनिक काटा. माल सोनाका, लांब मण्यांचा. मळ्यात 40 रुपये किलोने 40 किलो उचलला होता, 60 ने विकायचा होता.

रात्री त्याने गल्ला आज्जीपुढे ओतला.

"अठराशे! एका दिवसात अठराशे कमावलं, आज्जे!"

आज्जीने तीस वर्षं बाजारात मेथी-कोथिंबीर विकली होती. सही करायची वेळ आली की ती अंगठा उठवायची, पण हिशोबात तिला कुणी फसवलेलं नाही. तिने पदराचं टोक पुढे ओढलं. सोळाशे मोजून पहिली गाठ मारली. "ही मुद्दल. ही मळेवाल्याची." दुसऱ्या गाठीत टेम्पोचे दीडशे आणि पिशव्यांचे चाळीस गेले. तिसऱ्या गाठीसाठी चटईवर उरलं दहा रुपयांचं एकच नाणं. तिने ते बोटांनी चाचपलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

"हे तुझं."

संकेत नाण्याकडे बघतच राहिला. दिवसभर उन्हात होरपळून दहा रुपये! त्यात तर एक कटिंगसुद्धा धड येत नाही.

"माल किती उरला?"

"चार किलो. सगळे सुटे मणी."

"तीस इकलं, चार उरलं. मग सहा किलो कुटं गेलं रं?"

ते त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग एकेक आठवायला लागलं. चाखून बघतो म्हणत चौघांनी अख्खे घोस संपवले होते. काटा एक किलो शंभर दाखवत असला तरी त्याने पैसे किलोचेच घेतले होते. आणि वर्गातली पोरं! ती तर सावलीला बसून खातच होती.

"दोनशे चाळीस रुपयांची नुसती मुद्दल खाल्ली की लेका," आज्जी म्हणाली. रागावली नव्हती; ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

सकाळी संकेतने मळ्यातून फक्त 25 किलो उचलले. एक घोस चाखायला वेगळा ठेवला, त्यातला एकेकच मणी द्यायचा. कालचे सुटे मणी निवडून, पिचलेले काढून 30 ने लावले. ते आधी संपले. शाळकरी पोरं आणि सरबतवाला, दोघांनाही देठाशी काय देणंघेणं! दुपारी चारनंतर घोसांचे मणी मऊ पडायला लागले, तसा भाव 50 वर आणला.

पाचच्या सुमारास वर्गातला दोस्त सायकलवरून उतरला आणि सवयीने घोसाला हात घातला. संकेतने तो अलगद काढून घेतला, काट्यावर ठेवला.

"दोनशे ग्रॅम. दहा रुपये."

"आयला, माझ्याकडनं पण?"

"बारा झाले असते. चारनंतर आलास म्हणून दहा."