लक्ष्मीताई, कामाला लागण्याआधी हे वाचा

लक्ष्मीताई,

काल घाईत सगळं सांगता आलं नाही. सकाळी सातलाच मला शाळेत जायचं असतं, म्हणून लिहून फ्रिजवर चिकटवते आहे. कामात तुम्ही माझ्यापेक्षा तरबेज आहात, पण आमच्या घरातल्या दोन-तीन वस्तू जरा नाजूक आहेत.

आधी ओट्याचं. गॅसखालचा काळा दगड ग्रॅनाइट नव्हे, कडाप्पा आहे. त्याला आंबट चालत नाही: लिंबू नको, व्हिनेगर नको, चिंच नको. सोलकढी करताना आगळ सांडलं तर लगेच ओल्या फडक्याने पुसा. मागच्या चवथीला मीच लिंबाच्या फोडी रात्रभर ओट्यावर ठेवल्या. सकाळी त्या जागी पांढरट डाग उठले, ते अजून तिथेच आहेत (मिक्सर त्यांच्यावर उगाच ठेवलेला नाही). भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब पाण्यात घालून पुसायचं, मग कोरडं करायचं, बस. न्हाणीबाहेरच्या बेसिनखालचा दगड संगमरवरी आहे, त्यालाही हाच नियम.

स्टीलच्या सिंकला साबण आणि मऊ घासणी. ब्लीच नको, त्याने स्टीलला बारीक खड्डे पडतात. मासळी धुतल्यावर वास राहिला तर सिंकमध्ये मीठ-लिंबू चोळलं तरी चालेल, फक्त ते पाणी ओट्यावर येऊ देऊ नका.

तारेची घासणी करपलेल्या स्टीलच्या टोपांपुरतीच. नॉनस्टिक तव्याला, ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आणि गॅसच्या काचेला ती लावू नका. काच गरम असताना गार पाणीही नको, तडकते. ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा लावला तर ते काळं पडतं. बिड्याचा तवा आणि विळी साबणात भिजत ठेवू नका. धुऊन लगेच कोरडी करा आणि तेलाचा हात फिरवा, पावसात एका रात्रीत गंज धरतात. पितळेची समई आणि तांब्याचा तांब्या मात्र चिंच-मिठाने खुशाल घासा, आंबट इथेच कामाला येतं. घासून झाल्यावर नीट धुवा, नाहीतर हिरवं चढतं.

आता न्हाणी. आमचं पाणी बोअरचं, लोखंडाचं. बादलीवर आणि टाइल्सवर जे तांबूस डाग दिसतात ते मळाचे नाहीत, लोखंडाच्या गंजाचे आहेत. त्यांच्यावर ब्लीच ओतलं तर डाग जात नाहीत, उलट पक्के होतात. लिंबूसत्त्वाची बरणी वरच्या फळीवर आहे. कोमट पाण्याच्या तांब्यात दोन चमचे विरघळवा, टाइलवर दहा मिनिटं राहू द्या, घासा, भरपूर पाण्याने धुवा. नळावर मात्र ते पाणी राहू देऊ नका, फडक्याने पुसून लगेच धुवा, नाहीतर चकाकी उडते.

टाइलच्या सांध्यांत पावसाळ्यात काळी बुरशी धरते, तिला मात्र ब्लीच. अर्धी बादली साध्या पाण्यात अर्धी वाटी, गरम पाणी नको. हातमोजे घाला, खिडकी उघडा, पंखा लावा. दहा मिनिटांनी धुऊन टाका. लिंबूसत्त्वाचं आणि ब्लीचचं काम एका दिवशी करू नका.

कमोडला निळ्या बाटलीतलं टॉयलेट क्लीनर, ते फक्त कमोडच्या आत. त्यात ॲसिड असतं. ते आणि ब्लीच कधीच एकत्र करू नका, एकामागून एकही नको. विषारी वायू सुटतो, छातीत भरतो. चुकून झालंच, डोळे चुरचुरले, खोकला आला, तर साफ करत बसू नका. दार उघडं टाकून अंगणात या आणि मला फोन करा. शाळेत असले तरी उचलीन. डोळ्यात काही उडालं तर नळाखाली पंधरा मिनिटं धरा, मग दवाखान्यात.

कमोडमध्ये फार ओतूही नका. आमची सेप्टिक टाकी आहे. टाकीतले जंतूच मळ पचवतात, ते मेले तर टाकी तुंबते आणि उपसायची गाडी बोलवावी लागते. आठवड्यातून दोनदा थोडंसं क्लीनर, बाकी दिवस ब्रश पुरे.

बाजारातलं सुटं ॲसिड दारावर विकायला आलं तर घेऊ नका, कितीही स्वस्त असो. कुठलीही बाटली दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवू नका, शेजारचा नातू सारखा घरात असतो आणि त्याला सगळं सरबत वाटतं.

आरशाला साधं ओलं फडकं, वर जुनं वर्तमानपत्र. जुन्या खोलीतल्या लाल कोब्याला फक्त पाणी, फिनेल पुढच्या टाइल्सना.

हिरवं फडकं स्वयंपाकघराचं, पिवळं न्हाणीचं. अदलाबदल झाली की माझी सासू ओरडते, मी नाही.

भिरंडाचं सरबत फ्रिजमध्ये आहे, अकराच्या सुमारास घ्या. ग्लास ओट्यावर ठेवायचा तर खाली बशी ठेवा.

सुषमा

(हातमोजे लहान पडले तर सांगा, उद्या फोंड्याच्या बाजारातून मोठे आणते.)