शनिवारचा मराठी क्लास परत सुरू करतोय, २५ जुलैपर्यंत नावं द्या

नमस्कार मंडळी,

मागच्या महिन्यापासून ग्रुपवर रोज कोणीतरी विचारतंय की परदेशातल्या आपल्या सोलापूरच्या पोरांच्या ऑनलाइन क्लासचं काय झालं, तर घ्या, ठरलं एकदाचं. ८ ऑगस्ट २०२६, शनिवारपासून सुरू. एकूण बारा शनिवार, शेवटचा ३१ ऑक्टोबरला, म्हणजे दिवाळीच्या आधी मोकळे. १५ ऑगस्टला सुट्टी, कारण त्या दिवशी शिकवणाऱ्या दोन्ही मॅडम सकाळी झेंडावंदनाला जातात आणि नंतर घरी जिलेबी आणि पाहुणे, त्यांनी आधीच सांगून टाकलंय.

आधी मागच्या वर्षीचं बोलते, कारण चूक आमचीच होती. आम्ही पहिल्या दिवशीपासून बाराखडी लावली. का की कु कू. पोरं आठवडाभर शाळेत बसून आलेली, शनिवारी परत वही काढ म्हटल्यावर कोण बसणार, चौदा मुलांनी सुरुवात केली आणि शेवटी पाच उरली, त्यातली दोन आईच्या धाकाने. त्यामुळे यंदा पहिले सहा शनिवार लिहिणं नाही म्हणजे नाही. फक्त बोलायचं. अक्षरं सातव्या क्लासपासून, ती पण स्वतःचं नाव, आजी-आजोबांचं नाव, सोलापूर, इथून सुरुवात. ज्यांना व्यवस्थित अभ्यासक्रम आणि परीक्षा हवी त्यांनी आपापल्या गावातल्या महाराष्ट्र मंडळाची शाळा बघा, अमेरिकेत तर बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळा बऱ्याच ठिकाणी आहेत, आणि बालभारतीची पुस्तकं ऑनलाइन फुकट मिळतात. आमचं काम छोटं आहे, पोरगं आजीशी दहा मिनिटं फोनवर बोललं पाहिजे, बास.

कारण सगळ्यांच्या घरी तेच चाललंय ना. आजी इकडून विचारते जेवलास का, पोरगं म्हणतं हो. काय जेवलास? पास्ता. मग गप्प. मग फोन फिरतो छताकडे आणि आजी पाच मिनिटं पंख्याशी बोलते. पोरांना कळत नाही असं नाही, कळतं सगळं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये नाहीतर जर्मनमध्ये येतं. आम्ही म्युनिकहून परत आलो तेव्हा माझ्या लेकाला आजी म्हणाली, पाट घे बाळा. तो शहाण्यासारखा उठला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. सगळे हसले, तो रडला. त्याला ट आणि ठ कानालाच वेगळे लागत नव्हते, आणि पाट ही वस्तू त्याने बघितलीच नव्हती, आमच्या तिथल्या फ्लॅटमध्ये पाट कुठून असणार. म्हणून मॅडम यंदा वस्तू हातात घेऊन दाखवणार आहेत, पाट, सूप, उखळ, पोळपाट, आणि त्याबरोबर ट-ठ, ड-ढ, चमच्यातला च आणि चारमधला च, आणि आपला लाडका ळ. केळं म्हणायला लावा बघू कोणाला, केलं म्हणतात.

वेळा नीट वाचा, मग तू मला सांगितलंच नाही असं नको.

पहिली बॅच भारतात सकाळी साडेअकराला. दुबईला तेव्हा १०, सिंगापूरला दुपारी २, सिडनीला ४.
दुसरी बॅच भारतात दुपारी साडेतीनला. लंडनला ११, जर्मनीत १२.
तिसरी बॅच भारतात रात्री साडेआठला. न्यू जर्सीला सकाळी ११, टेक्सासला १०, कॅलिफोर्नियाला ८. कॅलिफोर्नियावाल्यांनो, ८ लवकर आहे मान्य, पण मॅडमना रात्री दहापर्यंत बसवणं बरोबर नाही, दुधाचा ग्लास घेऊन बसवा पोरांना.

आता घड्याळं बदलतात त्याचा घोळ. सिडनीचं घड्याळ ४ ऑक्टोबरला एक तास पुढे जाईल, तेव्हापासून त्यांचा क्लास ५ वाजता, कारण त्याच बॅचमध्ये दुबई आणि सिंगापूर आहे आणि त्यांचं घड्याळ हलतच नाही (ब्रिस्बेनवाल्यांचं पण नाही, तुमचे ४ ते ४च). युरोपचं २५ ऑक्टोबरला बदलेल, तिथे मात्र पोरांची वेळ तीच ठेवतोय, म्हणजे ३१ तारखेचा एक क्लास इकडे साडेचारला. अमेरिकेचं १ नोव्हेंबरला बदलतं, तोवर आपलं संपलेलं असेल, त्यामुळे तुम्ही निवांत.

क्लास ४५ मिनिटं. एका बॅचमध्ये आठच मुलं, वय ५ ते ११. आठच्या वर झाली की कोणालाच बोलायला मिळत नाही. कॅमेरा चालू पाहिजे, आईबाबांनी बाजूला बसून उत्तरं फुंकायची नाहीत, हे मागच्या वेळी फार झालं. दोन्ही मॅडम जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या आहेत. मुलांनी सोलापुरी बोललं तरी चालेल, काय करायलास बे म्हटलं तर मॅडम ओरडणार नाहीत, त्या स्वतःच बोलतात. फक्त आजोबांना बे म्हणायचं नाही आणि मोठ्यांना अहो-जाहो, एवढं त्या शिकवणार. इंग्लिशमध्ये सगळ्यांनाच यू असतं त्यामुळे पोरं सरसकट तू वर येतात, त्यांचा दोष नाही.

तिसऱ्या शनिवारी शेंगा चटणीचा क्लास. एक आजी साखर पेठेतल्या घरून उखळात कुटून दाखवणार आहेत, पोरांनी फक्त पुढे काय ते सांगायचं, लसूण टाका, मीठ टाका, कुटा, थांबा. तिकडे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं असतील तर आधी कळवा, म्हणजे त्यांच्या घरी कोणी उत्साहाने शेंगदाणे काढून बसायला नको.

अजून एक गोष्ट, यावर मागे ग्रुपवर वाद झाला होता. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी मराठी नाही, पूर्व भागातल्या घरांत तेलुगू आहे, काहींकडे कन्नड. मातृभाषा म्हणजे मराठीच असं आमचं म्हणणं नाही, सोलापुरात राहून असं कोण म्हणेल. तेलुगूसाठी चार नावं आली आहेत, शिकवायला कोणी मिळालं की लगेच ती बॅच उघडू. तुमच्या आई, मावशी, आत्या कोणी तयार असतील तर सांगा, शिक्षिका असायलाच पाहिजे असं नाही, पोरांशी गप्पा मारता आल्या पाहिजेत.

फी बारा क्लासची १,८०० रुपये, सगळी मॅडमना जाते, आम्ही बाकीचे फुकट राबतो. दोन भावंडं असतील तर दुसऱ्याची निम्मी. कोणाला जमत नसेल तर मला पर्सनल मेसेज करा, ग्रुपवर चर्चा होणार नाही.

इकडच्या आजी-आजोबांसाठी: ज्यांना व्हिडिओ कॉल लावता येत नाही त्यांनी त्या वेळेला सरळ आमच्या घरी जुळे सोलापूरला या, मोठा टीव्ही आहे, चहा आहे. नातवाच्या बॅचला बसायचं, मॅडमनी विचारलं तरच बोलायचं. हे अवघड जाणार आहे ठाऊक आहे मला, माझ्या सासूबाईंनाच जमत नाही.

नाव देताना इथेच लिहा: मुलाचं नाव, वय, गाव, कुठली बॅच, घरात मराठीत त्याच्याशी कोण बोलतं. शेवटचं खरं खरं लिहा, कोणी बोलत नसेल तर कोणी नाही लिहा, मॅडमना त्यावरून कळतं कुठून सुरू करायचं. २५ जुलैनंतर आलेली नावं वेटिंगला. लिंक ७ तारखेला संध्याकाळी टाकते.

पालक ग्रुपतर्फे,
ओमची आई